भाऊ गेल्याचं मॅनेजरला सांगायचं, पण थांबायचं कुठे?

प्रश्न : "दीड महिन्यापूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. कशाने, ते बाहेर सांगायचं नाही असं घरच्यांनी ठरवलंय. मी नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या बॅक-ऑफिसला आहे, मॅनेजर पुण्याला बसतात. तेव्हा 'घरी इमर्जन्सी आहे' एवढंच कळवून दहा दिवस सुट्टी घेतली. आता कामात चुका होताहेत. परवा एकाच इनव्हॉइसचं पेमेंट दोनदा गेलं. सरांनी विचारलं 'सगळं ठीक ना?', मी 'हो सर' म्हटलं. किती सांगू? एकदा तोंड उघडलं की पुढचे प्रश्न येणारच."

उत्तर :

भाऊ कशाने गेला ते तुम्ही मलाही सांगितलेलं नाही, आणि तरी मला तुम्हाला उत्तर देता येतंय. तुमच्या मॅनेजरचंही तसंच आहे. त्यांना जे काही करायचंय, म्हणजे कामाची वाटणी बदलणं, शिफ्ट बदलणं, परवाच्या चुकीकडे कोणत्या नजरेने बघायचं ते ठरवणं, त्यातल्या एकाही गोष्टीसाठी मृत्यूचं कारण लागत नाही. मृत्यू झालाय हे मात्र लागतं. तुम्हाला झाकायची होती एक गोष्ट, पण 'इमर्जन्सी' या शब्दाखाली दोन्ही झाकल्या गेल्या. कारणाबरोबर घटनाही गेली. आत्ताची सगळी अडचण तिथून सुरू झालेली आहे.

मी आधी बुटीबोरीच्या एका कारखान्यात आणि नंतर आयटी कंपन्यांमध्ये एचआरचं काम केलं. वर्षाअखेरच्या रेटिंगच्या बैठकांना बसले, त्यामुळे मॅनेजर लोक आपसात काय बोलतात ते ऐकून आहे. पुण्यात बसलेल्या माणसाला तुमच्याबद्दल काय दिसतं बघा. अचानक दहा दिवसांची सुट्टी, कारण मोघम. परत आल्यावर कॉलवर गप्प. क्वालिटी स्कोअर खाली. विचारलं तर 'हो सर, ठीक आहे'. या चार गोष्टी एकत्र आल्या की बैठकीत हमखास निघणारा निष्कर्ष एकच असतो : गडी दुसरीकडे इंटरव्ह्यू देतोय, आता त्याचं इथे मन नाही. कोणाच्या घरी मरण झालं असेल असं कोणाच्या मनात येत नाही, कारण आपल्याकडे मरण सांगतातच, लपवत नाहीत. म्हणजे न सांगितल्याने जागा रिकामी राहिलेली नाही. त्या जागी दुसरी गोष्ट जाऊन बसलीय आणि ती तुमच्या तोट्याची आहे.

तेव्हा सांगायचं, आणि या आठवड्यात सांगायचं. डबल पेमेंटचा विषय अजून ताजा आहे. त्याच्या मूळ कारणाचा रिपोर्ट वर जाण्याआधी तुमचं बोलणं झालं तर ती माहिती ठरते. रिपोर्ट गेल्यावर तेच वाक्य सबब वाटतं. वाक्य तेच, माणूस तोच, फरक फक्त दोन-चार दिवसांचा.

किती सांगायचं ते ठरवताना मी लोकांना एकच गोष्ट विचारायला सांगते : मॅनेजर हे पुढे कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगेल? कारण तो सांगणारच. त्यात चुगलखोरपणा नसतो. तुमची शिफ्ट बदलायची तर त्याला रोस्टर लावणाऱ्याला काहीतरी कारण द्यावं लागतं, चुकीबद्दल त्याच्या वरच्याला उत्तर द्यावं लागतं, टीम लीडशी बोलावं लागतं. तुम्ही वीस मिनिटं मन मोकळं केलंत तरी पुढे जातं ते एक वाक्य, आणि त्यात कोणता तपशील उचलायचा ते तो ठरवतो. बहुतेक वेळा सर्वांत ठळक तपशील उचलला जातो. म्हणून पुढे जायचं ते वाक्य तुम्हीच तयार करून द्या : "त्याचा धाकटा भाऊ गेला, घरची जबाबदारी त्याच्यावर आलीय, पुढचे चार आठवडे आपण काम थोडं बदलून देतोय." यात खोटं काही नाही, कारण नाही, आणि ऐकणाऱ्याचं समाधान होतं. या वाक्यात जे बसत नाही ते आत्ता सांगायची गरज नाही, असं समजा.

आता तुमची खरी भीती, पुढच्या प्रश्नांची. ती अगदी रास्त आहे. 'काय झालं होतं?' हा आपल्याकडे सांत्वनाचाच भाग असतो. घाटावर विचारतात, तेरवीला विचारतात, पानठेल्यावरही विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. यावर तीन प्रकारची उत्तरं लोक देतात, त्यांतली दोन मी देऊ नका म्हणेन.

पहिलं, 'पर्सनल आहे'. आपल्या ऑफिसांत हा शब्द दार लावल्यासारखा ऐकू जातो आणि कुतूहल दुप्पट होतं. घरात भांडण, घटस्फोट, पोलीस, यांपैकी काहीतरी असणार असं लोक धरून चालतात.

दुसरं, सोयीचं खोटं. बहुतेकदा 'अटॅक आला'. हे नागपूर आहे. प्रतापनगरातल्या घरी काय झालं ते मानेवाड्याच्या मावसभावाला संध्याकाळपर्यंत माहीत असतं, आणि तो मावसभाऊ तुमच्याच मजल्यावर दुसऱ्या प्रोसेसला असतो. मी पाहिलेलं एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. एका मुलाने मोठ्या बहिणीच्या मृत्यूचं कारण ऑफिसात हार्ट अटॅक सांगितलं. टीममधली एक मुलगी त्यांच्याच वस्तीतली होती. तिने मुद्दाम काही केलं नाही, पण डब्याच्या वेळी कोणीतरी 'एवढ्या लहान वयात अटॅक?' म्हणालं आणि तिच्या तोंडून 'अटॅक नव्हता' निघून गेलं. मृत्यू खरा होता, दुःख खरं होतं, सुट्टी रास्त होती. तरीही त्यानंतर त्याच्या प्रत्येक रजेच्या अर्जाकडे त्याचा लीड संशयाने बघू लागला. माझ्यासमोर तो म्हणाला, "मॅडम, बहिणीच्या बाबतीत खोटं बोलला तो." त्या लीडला कारण जाणून घेण्याचा काही अधिकार नव्हता हे मी त्याला सांगितलं, त्याला ते पटलंही, पण विश्वास परत आला नाही. कारण न सांगणं आणि खोटं कारण सांगणं यांत ऑफिसच्या दृष्टीने इतका फरक पडतो.

याच जातीतली आणखी एक चूक म्हणजे ओळखीच्या डॉक्टरकडून स्वतःच्या नावाचं 'व्हायरल फीव्हर'चं सर्टिफिकेट आणून सिक लीव्ह काढणं. रजा संपलेली असली की हा मोह होतो. खोटं सर्टिफिकेट देणं बहुतेक कंपन्यांच्या नियमांत गैरवर्तन धरलं जातं, आणि मग भावाच्या मृत्यूची सहानुभूती तुमच्या कामाला येत नाही.

तिसरं उत्तर, जे मी द्या म्हणते : "अचानक झालं सर. त्याबद्दल बोलणं मला अजून जमत नाही." हे खरं आहे, यात समोरच्याचा अपमान नाही, आणि जमत नाही म्हणणाऱ्याला सहसा कोणी ढकलत नाही. पण इथे थांबून गप्प राहू नका. शांतता झाली की समोरचा घाईघाईने आणखी एक प्रश्न विचारतो. लगेच कामाचा प्रश्न तुम्हीच टाका : "मला तुमच्याशी पुढच्या महिनाअखेरच्या क्लोजिंगबद्दल बोलायचं होतं." प्रश्न हातात आला की माणूस त्याचं उत्तर शोधायला लागतो. ही दोन वाक्यं फोन करण्याआधी मोठ्याने, एकट्याने, गाडीत बसून म्हणून बघा. पहिल्यांदा म्हणताना आवाज जातो. तो मॅनेजरसमोर जाण्यापेक्षा गाडीत गेलेला बरा. समोर गेलाच तरी त्याने काही बिघडत नाही म्हणा.

कागदाचा मुद्दा इथेच सांगते, कारण बरेच लोक तोंडाने कारण सांगत नाहीत आणि कागदाने सांगून बसतात. सुट्टी 'इमर्जन्सी' म्हणून गेलीय. आता तुम्ही मृत्यू सांगितला की एचआर कदाचित पुरावा मागेल, विशेषतः निधनाची वेगळी रजा कंपनीच्या धोरणात असेल आणि त्यातले दिवस तुम्हाला मागाहून धरून द्यायचे असतील तर. अशा वेळी घरात जो पहिला कागद सापडतो तो लोक स्कॅन करून पाठवतात, आणि तो बहुधा दवाखान्याचा असतो. दवाखान्यातून मिळणारं मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, पोलिसांचा पंचनामा, यांतलं काहीही ऑफिसला द्यायचं नाही. द्यायचं ते महानगरपालिकेचं मृत्यू प्रमाणपत्र. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवहीतला जो उतारा लोकांना दिला जातो त्यात मृत्यूचं कारण उघड करता येत नाही. ते नोंदवहीत राहतं, प्रमाणपत्रावर येत नाही. म्हणजे तुमच्या घरच्यांनी जे ठरवलंय तेच कायद्याने त्या कागदापुरतं आधीच करून ठेवलंय.

त्यात एक मेख आहे. प्रमाणपत्रावर मृत्यूचं ठिकाण असतं. घर किंवा मेडिकलसारखं मोठं सरकारी रुग्णालय असेल तर त्यावरून काही कळत नाही, पण ठिकाणच बोलकं असेल तर तो कागद टीम लीडमार्फत न पाठवता थेट एचआरला पाठवा आणि मेलमध्ये 'फक्त रजेच्या नोंदीसाठी' असं लिहा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, त्यामुळे तुमच्याकडे प्रमाणपत्र बहुधा आलेलं असेल. पोलीस केस असेल तर कधी कधी उशीर होतो. तसं असेल तर 'मिळाल्यावर सादर करतो' एवढं लिहून द्या, ते चालतं. घाईत दुसरा कागद देऊ नका.

रजेचा हिशेबही बोलण्याआधी डोक्यात असू द्या. खासगी नोकरीत निधनासाठी वेगळी रजा द्यावी असा कायदा आपल्याकडे नाही. ती कंपनीच्या धोरणात असली तरच मिळते, आणि 'जवळचे कुटुंबीय' या व्याख्येत भाऊ-बहीण बसतात की नाही ते वाचून घ्यावं लागतं. काही ठिकाणी फक्त आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं एवढेच असतात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा मिळते, तीही तिमाहीला २ अशी जमा होते. भरपगारी रजा मिळते ती २० दिवसांच्या कामामागे १ दिवस, आणि त्यासाठी वर्षात २४० दिवस काम झालेलं असावं लागतं. हा कायदा व्यवस्थापकीय हुद्द्यांना लागू नाही, पण तुम्ही प्रोसेसवर आहात असं धरते. तुमचे दहा दिवस बहुतेक भरपगारी रजेतून गेले असतील. आता पुढे बँकेचं खातं, विमा, त्याच्या कंपनीतला पीएफ, गाडीचं नाव बदलणं, ही कामं तुमच्या डोक्यावर येणार आणि ती बहुतेक करून सोमवार ते शुक्रवार, दिवसाउजेडीच होतात. ती धरून किती अर्धे दिवस लागतील याचा अंदाज आधी मांडा. माझ्या पाहण्यात लोक तेरवीपर्यंतचे दिवस मागतात आणि नंतरचे विसरतात. मग दर आठवड्याला नवी सुट्टी मागितली जाते आणि मॅनेजरला वाटतं, हे संपणारच नाही.

मॅनेजरकडे काय मागायचं, यावर बोलण्याचा निम्मा भार असतो. नुसतं दुःख सांगून फोन ठेवला तर त्याला काय करावं कळत नाही आणि तो 'काळजी घे' म्हणून मोकळा होतो. जे त्याच्या स्वतःच्या हातात आहे तेच मागा. कामाची अदलाबदल, रोस्टर, एखाद-दोन अर्धे दिवस, यांसाठी त्याला कोणाला विचारावं लागत नाही, किंवा एका फोनमध्ये होतं. जास्तीची पगारी रजा, महिनोन्‌महिने घरून काम, रेटिंगमध्ये सूट, हे त्याच्या हातात नसतं. ते मागितलंत की तुमची गोष्ट लगेच आणखी दोन-तीन लोकांपर्यंत जाते. म्हणजे किती मागता यावरही किती लोकांना कळेल ते ठरतं.

तुमच्या कामात मी हे दोन मागेन. एक, ठरावीक रकमेवरचं प्रत्येक पेमेंट चार आठवडे दुसऱ्या माणसाने तपासून सोडावं. मेकर-चेकर तुमच्याकडे असणारच, पण डबल पेमेंट गेलं याचा अर्थ तुमच्या जुन्या विश्वासावर चेकरने न बघता पुढे ढकललं. तपासणी वाढवा म्हणून स्वतः सांगणाऱ्या माणसाबद्दल मॅनेजरचं मत सुधारतं, हे मी शपथेवर सांगेन. दुसरं, येत्या महिनाअखेरीला क्लोजिंगऐवजी व्हेंडरच्या शंकांचा मेलबॉक्स तुमच्याकडे द्यावा. तिथे काम खूप असतं, पण एका चुकीने पैसे बाहेर जात नाहीत. आणि तुमची रात्रीची शिफ्ट असेल, आई-बाबा घरी एकटे राहत असतील, तर त्याऐवजी सकाळची शिफ्ट मागा. पण तीन गोष्टी एकदम मागू नका. दोनच निवडा.

फोनवर बोलायचं, व्हिडिओ बंद ठेवून चालेल, आणि पाच मिनिटांत संपवायचं. साधारण असं :

"सर, परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी ठीक आहे म्हटलं, ते तसं नव्हतं. मी सुट्टी घेतली तेव्हा माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हा सांगायच्या मनःस्थितीत नव्हतो. घरी आई-बाबा आहेत, सगळं माझ्याकडे आलंय आणि झोप नीट होत नाही, त्याचा परिणाम कामावर होतोय. ते डबल पेमेंट माझ्याकडून झालं. पुन्हा होऊ नये म्हणून मला दोन गोष्टी सुचवायच्यात."

'तेव्हा सांगायच्या मनःस्थितीत नव्हतो' हे वाक्य गाळू नका. 'इमर्जन्सी' आणि आजचं बोलणं यांत जी फट आहे ती त्याने भरते, आणि मागचं काही लपवलं होतं असं उरत नाही. चूक मान्य करणं आणि भाऊ गेल्याचं सांगणं ही दोन वेगळी वाक्यं आहेत हेही बघा. 'भाऊ गेला म्हणून पेमेंट दोनदा गेलं' असं जोडून सांगितलं की ऐकणारा मनात वाद घालायला लागतो.

फोननंतर त्याच दिवशी छोटा मेल. तुम्ही तो इंग्रजीतच लिहाल, मजकूर एवढाच : आज फोनवर बोललो त्याप्रमाणे, कुटुंबातल्या निधनामुळे अमुक तारखेपासून चार आठवडे ही दोन बदललेली कामं, या दोन-तीन तारखांना अर्धा दिवस, आणि चार आठवड्यांनी अमुक तारखेला पुन्हा बोलू. शेवटी एक ओळ : 'टीमला फक्त कुटुंबात निधन झाल्याचं सांगावं, ही विनंती.' मेलमध्ये भावाचं नाव नको, झोपेचं नको, मनःस्थितीचं नको. मेल पुढे पाठवला जातो, वर्षभर राहतो, आणि मॅनेजर बदलला की नव्या मॅनेजरच्या हाती लागतो. फोनवर जे बोललात त्यापेक्षा मेल कायम एक पायरी कमी सांगणारा असावा. पण तो हवाच, कारण रेटिंगच्या वेळी मॅनेजरला तोंडी बोलणं आठवत नाही आणि त्याच्या वरचा माणूस लिहिलेलंच विचारतो.

टीम लीडला नागपुरात वेगळं सांगावं लागेल. तुमचे मॅनेजर पुण्याला आहेत, त्यांच्यापर्यंत शहरातली कुजबुज पोहोचणार नाही. लीड इथलाच असेल तर त्याच्यापर्यंत कदाचित आधीच पोहोचली असेल. क्रम असा ठेवा : आधी मॅनेजर, त्याच दिवशी लीड. उलटं केलंत तर मॅनेजरला ते लीडकडून कळतं आणि तुम्ही त्यांना टाळलंत असं दिसतं. लीडला कारण माहीत आहे असं त्याच्या बोलण्यावरून वाटलं, तर नाकारू नका, कबूलही करू नका. "घरच्यांनी त्यावर न बोलायचं ठरवलंय, तू सांभाळून घे" एवढं म्हणा. असं म्हणताना तुम्ही त्याला आपल्या बाजूला घेता. माणसं अशा वेळी बऱ्यापैकी वागतात.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते. तुमच्या मॅनेजरने 'सगळं ठीक ना' विचारलं, म्हणजे माणूस बरा असावा असं मी गृहीत धरलंय. ऐकलेलं टीम कॉलवर बोलून दाखवणारा असेल, तर फोनवरही मेलएवढंच सांगा आणि एचआरला समांतर कळवा. प्रोबेशनवर असाल तर लोक उलट गप्प बसतात, कायम करणार नाहीत या भीतीने. माझं मत वेगळं आहे. प्रोबेशनमधली कारण नसलेली चूक थेट तुमच्या कुवतीच्या खात्यात जाते, म्हणून तिथे थोडक्यात पण लेखी आणि रिव्ह्यूच्या आधी सांगणं जास्त गरजेचं. तुम्ही ठेकेदारामार्फत असाल तर रजेचा मालक ठेकेदार असतो. त्यालाही तोच मजकूर द्या, नाहीतर एकीकडे मंजूर आणि दुसरीकडे गैरहजर असा घोळ होतो.

काही परिस्थितींत मी जास्त सांगा म्हणते. काम यंत्रावरचं असेल तेव्हा, हे पहिलं. बुटीबोरीला आमच्याकडे एक क्रेन चालवणारे होते, त्यांची बायको गेली. कामावर परत आले आणि सुपरवायझरला एवढंच म्हणाले, "साहेब, रात्री दोन-तीन तासांच्या वर डोळा लागत नाही." त्यांना काही आठवडे स्टोअरला बसवलं, क्रेन दुसऱ्याला दिली. तिथे झोपेबद्दल सांगणं अपरिहार्य होतं, कारण खाली माणसं उभी असतात. तुमच्या टेबलावर तसा धोका नाही, म्हणून झोपेचा उल्लेख फोनवर एका वाक्यात पुरे.

दुसरी परिस्थिती, कारण स्वतःच्या पायांनी ऑफिसात येण्याची शक्यता असेल तेव्हा. म्हणजे भावाच्या नावावर कर्जं होती आणि वसुलीवाले तुमच्या ऑफिसच्या नंबरवर फोन करू लागलेत, किंवा शहराच्या पानावर नावानिशी बातमी आली होती. अशा वेळी मॅनेजरला नाही, एचआरमधल्या एकाच माणसाला आधी सांगून ठेवा : "असे फोन येऊ शकतात, माझा त्या कर्जाशी संबंध नाही, जामीनदार मी नाही." अर्थात खरोखर नसाल तरच. बातमी आली असेल तर "पेपरात आलंय ते मला माहीत आहे, त्यावर मी बोलणार नाही" एवढं स्वतःहून म्हणा. मग समोरच्याला माहीत नसल्याचं नाटक करावं लागत नाही.

तुम्ही समुपदेशकाकडे जात असाल किंवा गोळ्या सुरू असतील तर ते मॅनेजरला सांगायचं कारण नाही. वेळ लागत असेल तर 'डॉक्टरांची अपॉइंटमेंट' पुरे. जात नसाल आणि रात्र कठीण जात असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि ऑफिसला त्याचा पत्ता लागत नाही. कंपनीची समुपदेशनाची सोय असेल तर ती वापरण्याआधी कोणती माहिती कंपनीला जाते ते विचारून घ्या.

चार आठवड्यांनंतरचा फोन तुम्हीच करायचा, त्यांनी आठवण करायची वाट बघायची नाही. त्यात भावाचा विषय काढायची गरज नाही. तपासणीत किती चुका सापडल्या, क्लोजिंग परत घेताय की आणखी एक महिना तसंच ठेवायचंय, एवढंच. बहुतेक जण हा फोन टाळतात, कारण पुन्हा तोच विषय निघेल असं वाटतं. पण मुदत उघडी राहिली की मॅनेजर तुम्हाला मनातल्या मनात 'सध्या याला द्यायला नको' या यादीत टाकतो, आणि चांगली कामंही तिकडेच अडकतात. अजून जमत नसेल तर तसं सांगा आणि नवी तारीख द्या. माझा अनुभव असा की कामावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जास्त दिसतो. पाहुणे गेलेले असतात, घरातली कामं उरलेली असतात, आणि ऑफिसच्या लेखी तुम्ही केव्हाच 'परत आलेले' असता.

आणि एक बारीकसं. पहिल्या वर्षी घरी सण करणार नसाल, तर ऑफिसच्या दिवाळीच्या कार्यक्रमाआधी आठवडाभर लीडला कानावर घालून ठेवा, म्हणजे रांगोळीच्या स्पर्धेत किंवा फॅशन शोमध्ये तुमचं नाव परस्पर टाकलं जाणार नाही आणि ऐनवेळी सगळ्यांसमोर 'का नाही?' याचं उत्तर द्यावं लागणार नाही. वर्षश्राद्धाची किंवा तुमच्या घरी जो विधी असेल त्याची तारीख कळली की तेव्हाची रजा साध्या रजेसारखी, कारणाच्या रकान्यात 'घरगुती कार्य' लिहून टाका.